गोठलेलं खातं आणि लेझीमच्या साड्या

कल्याणच्या कापडबाजारात मी घाऊक व्यापाऱ्याच्या गादीवर बसले होते आणि फोन तिसऱ्यांदा सांगत होता की व्यवहार होऊ शकला नाही. समोर मोरपंखी रंगाच्या बत्तीस साड्यांचा गठ्ठा बांधून तयार होता. पाडव्याच्या स्वागतयात्रेत आमच्या बायकांचं लेझीम पथक पहिल्यांदाच चालणार होतं, त्यासाठीच्या त्या साड्या.

"नेटवर्क नसेल," माझी मैत्रीण म्हणाली. ही म्हणजे आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी. पथकाची कल्पना तिची, हिशेब माझा. तिला हिशेब दिला की ती सगळ्यांना चहा पाजून संपवते.

व्यापारी सभ्य माणूस. तो म्हणाला, "ताई, घाई नाही. पण शनिवारपर्यंत सांगा. अंबरनाथचं एक मंडळ याच रंगाच्या मागे आहे. हा रंग आता पुन्हा बनून यायचा नाही पाडव्याच्या आत."

परत येताना रिक्षात मी बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिरून पाहिलं. पेन्शन जमा झालेली होती, साड्यांचे पैसे होते, सगळं जागच्या जागी. फक्त वर एक लाल ओळ होती, की या खात्यातून पैसे काढता येणार नाहीत, शाखेशी संपर्क साधा.

नातवंडांनो, तिकडे परदेशात तुमच्या बाबांना मी त्या दिवशी फोन केला नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. केला असता तर तासाभरात पैसे आले असते, आणि त्यांच्यासोबत "आई, आता हे व्याप पुरे, तू इकडेच ये" हेही आलं असतं. ते प्रेमाने म्हणतात, मला कळतं. पण इतक्या बायकांनी माझ्यावर विश्वासाने पैसे टाकले आणि ते सोडवायला मला मुलाला बोलवावं लागलं, असं एकदा झालं की पुढच्या वर्षी कुणी माझ्याकडे पैसे देणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही मागणार नाही. शनिवारपर्यंत आपण स्वतः प्रयत्न करायचा, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच मी पायरीवर उभी होते. आमच्या डोंबिवलीच्या शाखेत खात्यांचं काम बघणारी अधिकारी मुलगी तिशीची असेल. केसांचा अंबाडा घट्ट, आवाज मऊ. तिने नंबर घातला, स्क्रीनकडे पाहिलं आणि खुर्ची माझ्याकडे थोडी वळवली. डॉक्टर अशी खुर्ची वळवतात तेव्हा आपल्याला कळतं.

"आजी, तुमच्या खात्यावर डेबिट फ्रीझ आहे. पैसे आत येतील, बाहेर जाणार नाहीत. आम्ही नाही लावलेलं. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून आलंय."

"मी काय केलं?"

"तुम्ही काही केलंय असं नाही म्हणत कुणी. कुणाची तरी फसवणूक झाली. त्यांनी तक्रार केली. ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरवतात. पोलीस त्यांचा माग काढतात आणि जिथे जिथे पैसे पोचले ती ती खाती थांबवायला सांगतात. त्यातले थोडे तुमच्याकडे आलेत."

तिने एका कागदावर तक्रारीचा क्रमांक, त्या पोलीस ठाण्याचं नाव, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा सरकारी ईमेल आणि त्या व्यवहाराची तारीख लिहून दिली. रक्कम वाचून मी दोनदा चष्मा पुसला. पंधराशे रुपये. एका साडीचे.

"पंधराशेसाठी अख्खं खातं?"

"तेच," ती म्हणाली. "खरं तर तेवढ्याच रकमेवर लीन ठेवता येतं. म्हणजे ते पंधराशे हलवायचे नाहीत, बाकीचं खातं मोकळं. पण आम्हाला आलेल्या सूचनेत अख्खं खातं म्हटलंय. त्यांनी लिहून कळवल्याशिवाय मी हात लावू शकत नाही. तुम्ही त्यांना लिहा, मला प्रत द्या. मीही आमच्या मुख्य कार्यालयातल्या विभागामार्फत पाठपुरावा करते. आणि आजी, कुणी फोन करून 'खातं उघडून देतो, एवढे पाठवा' म्हणालं तर ठेवून द्यायचा फोन. असे लोक खूप आहेत."

मी घरी येऊन इंग्रजीत अर्ज लिहिला. मिशनरी शाळेत शिकवलेलं पत्रलेखन या वयात असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी कोण, खातं कसलं, पैसे कशाचे, हे सगळं सांगून शेवटी दोन विनंत्या केल्या: खातं मोकळं करावं, आणि तपासासाठी ते शक्य नसेल तर बंदी फक्त वादातल्या रकमेपुरती ठेवावी. सोबत ओळखपत्र, खात्याचा उतारा आणि व्यापाऱ्याचं कच्चं बिल जोडलं.

अडचण वेगळीच होती. उताऱ्यात त्या पंधराशेंपुढे एका पुरुषाचं नाव होतं, आणि ते माझ्या ओळखीचं नव्हतं.

इथे माझी पद्धत सांगायला हवी. मी सगळ्यांकडून एकच रक्कम घेतली होती. साडी तीच, ब्लाउजपीस तोच, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. बायका ग्रुपवर 'टाकले' असं लिहायच्या आणि पैसे आले का ते मी पाहायचे. पण आमच्या वयाच्या बायकांचे पैसे कधी नवऱ्याच्या नावाने येतात, कधी सुनेच्या, कधी जावयाच्या. मी नावं कशाला बघते? बत्तीस बायका, माझे धरून बत्तीस वेळा पंधराशे. जमलं. अगदी चोख वाटलं होतं मला.

आता त्या चोख हिशेबात एक परका पुरुष निघाला. मी एकेकीला फोन करून कुणाच्या खात्यातून पाठवले ते विचारलं. सगळ्यांनी उत्तर दिलं. नवरा, सून, भाऊ, मुलगा. तरीही तो माणूस कुणाचाच नव्हता.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं होतं की कुणीतरी काहीतरी लपवतंय. तिने काय करावं? ग्रुपवर एक फॉरवर्ड केलेला संदेश टाकला. त्यात हातकड्यांचं चित्र होतं, 'सायबर गुन्हा, सात वर्षं सक्तमजुरी' असं काहीसं होतं आणि खाली हात जोडलेले गणपती.

"अगं, हे काय टाकलंस?"

"भीती वाटली की बोलेल ती."

"भीती वाटली की कुणी बोलतं का? तू बोलतेस का?"

"मी भीती नसतानाही बोलते, वहिनी," ती म्हणाली. हे मात्र खरं.

त्या संध्याकाळी गच्चीवर तालमीला तीन बायका कमी आल्या.

त्या दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याचा फोन सतत व्यस्त लागायचा. लागला तेव्हा पलीकडचे अधिकारी दमलेले वाटले. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना, म्हणून आम्ही इंग्रजीत बोललो आणि मधेमधे हिंदीत घुसलो.

"मॅडम, अर्ज मिळाला. तुम्ही या माणसाला काय विकलं?"

"काही नाही. तो साडीच्या वर्गणीचा पैसा."

"या माणसाने साडी घेतली?"

"पुरुष आहे हो तो."

ते थोडं हसले असावेत. मग म्हणाले, "मॅडम, मग मी काय लिहू? पैसे तुमच्याकडे आले, पाठवणारा तुम्हाला माहीत नाही, त्याला काही दिलंही नाही. असं लिहून मी खातं सोडू शकत नाही. दुवा पाहिजे." मग त्यांनीच विचारलं, "तुमच्यातल्या कुणी रोख देऊन कुणाकडून पैसे टाकून घेतले का? ही मंडळी हल्ली तसंच करतात. एटीएमपाशी, औषधाच्या दुकानापाशी उभे राहतात. मला रोख द्या, मी ऑनलाइन पाठवतो. त्यांच्या हातात स्वच्छ नोटा, आणि चोरीचा पैसा तुमच्यासारख्यांच्या खात्यात."

फोन ठेवला आणि मला एकदम आमच्यातली मासेवाली आठवली. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, बाजारात तिचा गाळा आहे. लेझीम अशी खेळते की आम्ही बाकीच्या वाद्य नव्हे, ओझं घेऊन उभ्या असल्यासारख्या दिसतो. तिचा सगळा धंदा रोखीचा. 'पोराच्या फोनवरून टाकले' असं मला म्हणाली होती. तिचा पोरगा बोटीवर नोकरीला आहे, महिनोन्‌महिने परमुलखात असतो. आणि न आलेल्या तिघींमध्ये ती होती.

मी मासळीबाजारात गेले. इतक्या वर्षांत तिसऱ्यांदा असेन. तुमचे आजोबा खायचे, पण बाहेर. ती एका गिऱ्हाइकाचं पापलेट कापत होती. मला पाहिलं आणि सुरी थांबली.

"काकू? तुमाला वास नाय येत?"

"येतो. पण तू तालमीला येत नाहीस, मग मीच आले."

"कंबर दुखते."

"परवा तर गिरकी घेत होतीस."

ती पुन्हा पापलेटाकडे वळली. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, आटपा ना." तिने त्याला पिशवी दिली, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना बेड्या घालतील ना?"

"कुणी सांगितलं?"

"त्या फोटुत होत्या."

मग तिने सांगितलं. बाजारातून निघून ती पैसे भरायला एटीएमच्या बाजूच्या मशीनपाशी गेली होती. ते बंद होतं. तिथे उभा असलेला एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, म्हणाला, ताई, मला रोख हवीच आहे, आई दवाखान्यात आहे, तुमचे मी पाठवतो. तिने त्याला ग्रुपवरचा माझा क्यूआर दाखवला, पैसे गेल्याचं समोर पाहिलं, नोटा दिल्या. वर त्याच्या आईसाठी देवाला नमस्कार केला.

"आनी तो मेला चोर निघला!" ती म्हणाली. "त्याच्या आयशीसाठी नमस्कार केला मी, काकू!"

त्या नमस्काराचा राग तिला पैशांपेक्षा जास्त होता.

"तुला कुणी पकडणार नाही," मी म्हणाले. "पण तू सांगितलं नाहीस तर माझं खातं सुटणार नाही, आणि शनिवारी साड्या अंबरनाथला जातील."

"अंबरनाथला?" ती ताठ झाली. "आपला रंग?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाळा भाचीवर सोपवून ती माझ्याबरोबर बँकेत आली. चांगली साडी नेसून, गजरा माळून, लग्नाला निघाल्यासारखी. अधिकारी मुलीच्या समोर बसल्यावर मात्र हात मांडीखाली घातले.

"मावशी, घाबरू नका," मुलगी म्हणाली. "पोलीस त्या माणसाला शोधतायत. तुम्ही त्याला पाहिलंय. म्हणजे तुम्ही त्यांच्या उपयोगाच्या."

"मंग सही केल्यावर मना नाय ना बोलावणार कोरटात?"

मुलीने सरळ उत्तर दिलं, ते मला आवडलं. "कदाचित विचारतील काही. फोन करतील. मी नक्की नाही सांगू शकत. पण गुन्हा तुमचा नाही."

मासेवालीने मांडीखालचे हात बाहेर काढले. "मंग लिवा काकू."

ती सांगत गेली, मी मराठीत लिहीत गेले. कुठलं मशीन, साधारण किती वाजता, शर्ट कसला, हातात काय. तिला माशाच्या डोळ्यावरून ताजेपणा ओळखायची सवय, त्या माणसाच्या डाव्या भुवईवरचा कापल्याचा व्रणही तिने पाहून ठेवला होता. तिने सही केली, ओळखपत्राची प्रत जोडली. खाली मी इंग्रजी भाषांतर केलं.

मुलगी स्क्रीनवर माझं खातं पुन्हा तपासत होती. मासेवालीने मान वळवून विचारलं, "आता पैसे आत जातात, पन भायेर येत नाय?"

"हो मावशी."

"आमच्या जाल्यासारखा."

मुलगी एवढी हसली की शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ उभे राहून पाहू लागले.

कागद पाठवून आम्ही तिथूनच अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांचा सूर बदलला. एटीएमच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं जायच्या आत त्या बँकेला नोटीस पाठवतो, असं ते म्हणाले. मग आपणहून सांगितलं की तक्रार करणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका आहेत, एकट्या राहतात. पोलीस असल्याचं सोंग घेतलेल्या माणसांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर दिवसभर बसवून ठेवलं, खोली सोडू दिली नाही, आणि साठवलेलं सगळं काढून घेतलं. ते पैसे आता पंधराशे, दोन हजार असे ठिकठिकाणच्या खात्यांतून गोळा करायचे.

"म्हणून मॅडम, हे पंधराशे त्यांना परत द्यायला तुमची हरकत नाही असं लिहून दिलंत, तर पुढचं सोपं होईल. परत देण्याचा आदेश कोर्ट देईल, पण तुमचा वाद राहणार नाही. खातं मी मोकळं करायला सांगतो. फक्त तेवढी रक्कम धरून ठेवा म्हणतो."

मी फोनवर हात ठेवून मासेवालीला सगळं सांगितलं. कारण खातं माझं असलं तरी त्या बदल्यात नोटा तिच्या गेल्या होत्या. मला वाटलं, ती म्हणेल, मग माझे कोण देणार?

तिने विचारलं, "एकटी राहते ती?"

"हो."

"दिसभर बसवली?"

"हो."

"मंग तिचेच हाएत ते. जाऊ दे तिला." आणि लगेच पुढे, "पन साडी माझी सोडायची नाय हां. नव्या साडीचे नवे पैसे."

ती उठली, काउंटरवर गेली, कमरेची पिशवी काढली आणि माझ्या त्या बंद खात्यात पंधराशे रुपये रोख भरले. पावतीवर शिक्का मारून घेतला आणि ती माझ्यापुढे धरली. "आता कोनाच्या आयशीला नमस्कार नाय."

मी हरकत नसल्याचं लिहून दिलं. खातं त्या दिवशी सुटलं नाही. पुढच्या दिवशीही नाही. मैत्रीण मधूनमधून येऊन नुसतीच बसायची. ग्रुपवर तिने तो हातकड्यांचा संदेश पुसला होता आणि त्याजागी 'कुणी काही चूक केलेली नाही, तालमीला या' असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. बिचारीने आयुष्यात पहिल्यांदा काही स्वतः लिहून पाठवलं असेल.

शनिवारी सकाळी मी व्यापाऱ्याला फोन करून संध्याकाळपर्यंत मुदत मागितली. तुमच्या बाबांचा नंबर काढून समोर ठेवला होता. तिकडे पहाट झाली नव्हती, म्हणून थांबले, असं स्वतःला सांगत होते.

आमच्या शाखेचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. महिन्यातला पहिला शनिवार, बँक चालू होती.

"आजी, त्यांच्या सरकारी पत्त्यावरून काल ईमेल आलाय. मुख्य कार्यालयाने तो खरा आहे ना हे तपासून घेतलं. आत्ताच फ्रीझ काढलाय. पंधराशेवर लीन राहील. जरा एक रुपया कुणाला पाठवून बघता का?"

मी मैत्रिणीला एक रुपया पाठवला. खालच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला, आणि मग जिन्यातून तिची पावलं.

कल्याणला मी आणि मासेवाली गेलो. मैत्रिणीला मुद्दाम घेतलं नाही, ती तिथे चहा पाजत बसली असती. यावेळी गादीवर बसल्या बसल्या पैसे गेले. व्यापाऱ्याचा फोन वाजला, त्याने मान हलवली आणि गठ्ठा पुढे सरकवला. मासेवालीने तिथेच दोरी सोडायला लावली. वरची साडी उलगडली, काठ बोटांत धरून ताणला, उजेडात नेऊन पाहिला, मग दुसरी, मग तिसरी.

"ताई, सगळ्या एकसारख्याच आहेत," व्यापारी म्हणाला.

"मी बगते," ती म्हणाली, आणि बत्तीसच्या बत्तीस साड्या तिने पाहिल्या. व्यापाऱ्याने आणखी एक तक्क्या आणून दिला. मी आरामात टेकून बसले. आम्हाला घाई नव्हती.

माझ्या खात्यात ती पंधराशेची ओळ अजून दिसते. त्या राज्यातल्या कोर्टाचा आदेश यायचा आहे. येईल तेव्हा ते पैसे त्या परिचारिका बाईंकडे जातील. त्यांना आमच्याविषयी काही कळणार नाही. अधिकाऱ्यांचा मधे एकदा फोन आला होता, मासेवालीला एक छायाचित्र दाखवायला. तिने भुवई पाहिली आणि म्हणाली, "हाच." गाळ्यावर गर्दी होती, तरी आवाज इतका खणखणीत होता की फोनची गरज पडली नसावी.